करदर आणि करपाया : संभाजीनगरच्या घरपट्टीचा हिशेब



१६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा त्याच्या दप्तरात दोन आकडे होते. मोगलांच्या ताब्यातल्या दख्खनच्या सुभ्यांची कागदोपत्री आकारणी होती सुमारे ३ कोटी ६२ लाख रुपये. प्रत्यक्ष वसूल होता जेमतेम १ कोटी. जदुनाथ सरकारांनी हे आकडे नोंदवले आहेत. फौजेचा खर्च भागत नव्हता आणि शेजारच्या सुभ्यांतून पैसा मागवावा लागत होता. अशा वेळी सारा वाढवणे हा कोणत्याही राज्यकर्त्याला सुचणारा पहिला उपाय असतो.

मुर्शिद कुलीखान हा दिवाण वेगळ्या वाटेने गेला. तो आधी बालाघाटाचा आणि पुढे सगळ्या दख्खनचा दिवाण होता. त्याने जमीन मोजायला अमीन नेमले आणि जमिनीची प्रत लावली. उजाड गावांत रयत परत आणली आणि बैल-बियाण्यासाठी तगाई दिली. हिस्सा त्याने यानंतर ठरवला. पावसावरच्या पिकाचा निम्मा, विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा तिसरा, ऊस-द्राक्षांसारख्या पिकांचा त्याहून कमी. निम्मा हिस्सा हा काही हलका कर नव्हे आणि मी त्या राजवटीचे गुणगान करायला उभा नाही. मला त्याच्या कामाचा क्रम महत्त्वाचा वाटतो. जमीन किती, कोणाकडे आणि कशी, याची यादी आधी झाली. दर नंतर आला.

संभाजीनगरात आज घरपट्टीची चर्चा नेमकी उलट्या क्रमाने होते. दर वाढवा की वाढवू नका, यावर भाषणे होतात आणि मोर्चे निघतात. दर ज्या पायावर बसतो, तो पाया किती ढासळलेला आहे, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. आजच्या व्याख्यानात मी तो मांडणार आहे. पाया रुंद केला तर तेवढेच उत्पन्न कमी दराने मिळू शकते, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात एका ओळीत असते. ती ओळ पुंडलिकनगरच्या एखाद्या गल्लीत उतरवली, की तिच्यात काय काय दडले आहे ते दिसते.

घरपट्टी कशी बसते ते थोडक्यात सांगतो. महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्यानुसार घराचे वाजवी वार्षिक भाडे किती येईल, याचा अंदाज बांधला जातो. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा होतात. उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणतात. त्यावर सर्वसाधारण कर, पाणी आणि मलनिस्सारणाचे लाभकर, अग्निशमन, वृक्ष उपकर अशा टक्केवाऱ्या बसतात, शिवाय राज्याचे शिक्षण आणि रोजगार हमीचे उपकर असतात. या सगळ्यांची बेरीज म्हणजे आपण ज्याला दर म्हणतो तो. करयोग्य मूल्य हा पाया आणि टक्केवारी हा दर. मुंबईने २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्याचा पाया घेतला. पण आज मी जे सांगणार आहे ते दोन्ही पद्धतींना लागू पडते.

आता एक वॉर्ड कल्पनेने घेऊ. आकडे माझे आहेत, हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले. कोणत्याही खऱ्या वॉर्डाचे नाहीत.

वॉर्डात १००० घरे आहेत आणि सगळी सारखीच. प्रत्येकाचे वाजवी वार्षिक भाडे ४०,००० रुपये. दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य झाले ३६,०००. म्हणजे वॉर्डाचा खरा पाया ३ कोटी ६० लाखांचा आणि दर धरू ३० टक्के. कागदावर पालिकेला १ कोटी ८ लाख मिळायला हवेत.

प्रत्यक्षात काय होते? हजारांपैकी ६०० घरेच पालिकेच्या यादीत आहेत. या सहाशेंचे मूल्य जुन्या काळी लावलेले, त्यामुळे ३६,००० च्या जागी १८,०००. निघालेल्या मागणीपैकी निम्मीच वसूल होते. तर मागणी निघाली ३२ लाख ४० हजारांची आणि हातात आले १६ लाख २० हजार. खऱ्या पायाशी ताडून पाहिले तर हा कर साडेचार टक्के झाला. पाटीवर ३० टक्के लिहिलेले आणि शहर वसूल करते साडेचार.

तरीही हा कर हलका आहे असे म्हणता येणार नाही. यादीत असलेली, बिल भरणारी ३०० घरे वर्षाला ५,४०० रुपये देतात. उरलेली ७०० घरे काहीच देत नाहीत. साडेचार टक्के ही अशी सरासरी आहे, जी या वॉर्डात एकाही घराच्या वाट्याला आलेली नाही.

आता उत्पन्न तेवढेच, १६ लाख २० हजार, ठेवायचे असे ठरवू आणि एकेक पायरी चढू.

पहिली पायरी नोंदीची. ६०० ऐवजी ९०० घरे यादीत आली. मूल्य जुनेच आणि वसुली निम्मीच. तेवढ्याच पैशासाठी आता ३० नव्हे, २० टक्के दर पुरतो. प्रामाणिक घराचे बिल ५,४०० वरून ३,६०० वर आले.

दुसरी पायरी वसुलीची. निम्म्याऐवजी ८० टक्के मागणी वसूल झाली. दर साडेबारा टक्क्यांवर आला आणि बिल २,२५० रुपयांवर.

तिसरी पायरी मूल्यांकनाची, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. जुने १८,००० चे मूल्य खऱ्याच्या जवळ, म्हणजे २८,८०० वर आणले. आता दर ७.८ टक्क्यांच्या आसपास पुरतो. बिल मात्र २,२५० रुपयेच राहिले.

फेरमूल्यांकन हा शब्द ऐकला की आपल्या शहरात माणसे हादरतात. पण उत्पन्न स्थिर ठेवून सगळ्यांचे मूल्य सारख्या प्रमाणात वाढवले, तर कुणाच्याही बिलात एक रुपयाचा फरक पडत नाही. मूल्य वाढते तेवढा दर उतरतो. मग फेरमूल्यांकन करायचे कशासाठी? कारण खऱ्या शहरात मूल्ये सारख्या प्रमाणात जुनी नसतात. एकाच रस्त्यावर, एकाच आकाराची दोन घरे असतात. एकाची आकारणी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी झालेली आणि दुसऱ्याची परवा. परवाच्या घराचा मालक जुन्या घराच्या तिप्पट-चौपट कर भरतो, आणि त्याचे कारण एवढेच की त्याने उशिरा घर बांधले. फेरमूल्यांकनाने एकूण कर वाढतोच असे नाही. कराचे वाटप मात्र बदलते. ज्यांचे मूल्य शहराच्या सरासरीपेक्षा जास्त गोठलेले होते त्यांचे बिल वाढते, बाकीच्यांचे उतरते. म्हणून विरोध मोठ्या आवाजात होतो. ज्यांचे बिल उतरणार असते त्यांना ते आधी ठाऊकच नसते.

मूल्ये गोठण्याला मराठवाड्यात एक खास कारणही होते. हैदराबाद संस्थानातून आलेल्या या भागात १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा चालू होता. राज्यभर एकच भाडे नियंत्रण कायदा २००० साली लागू झाला, तेव्हा तो गेला. सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी होती, की भाडे कायद्याने जेवढे घेता येते त्याहून जास्त भाडे धरून करयोग्य मूल्य लावता येत नाही. शहागंज, गुलमंडी, पैठणगेट इथल्या जुन्या भाड्याच्या दुकानांचे मूल्य तळाशी का राहिले, याचे एक उत्तर या जोडीत आहे. त्यात कोणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. पायाच कायद्याने आखडला होता.

आता यादीकडे वळतो, कारण संभाजीनगरच्या घरपट्टीचे खरे दुखणे तिथे आहे.

महापालिका स्थापन झाली डिसेंबर १९८२ मध्ये. त्यानंतर चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी माणसे ओढून आणली. सिडकोने आखीव घरे बांधली, पण ती पुरणार नव्हती. २०११ च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांवर पोहोचले होते. ही माणसे राहायला गेली कुठे? मोठ्या प्रमाणात गुंठेवारीत. शेतकऱ्याने किंवा मधल्या माणसाने शेताचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडले. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. व्यवहार बाँडपेपरवर झाला. जमीन अकृषिक झालेली नाही, रेखांकन मंजूर नाही आणि बांधकाम परवान्याचा प्रश्नच नाही. मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, नारेगाव, मिसारवाडी, पुढे २०१५ मध्ये महापालिकेत आलेला सातारा-देवळाई, अशा वस्त्यांमधून हे दुसरे शहर उभे राहिले. यातली बहुतेक माणसे कंपनीत नोकरी करणारी, रिक्षा चालवणारी, शिक्षक, छोटे दुकानदार. त्यांनी आयुष्याची पुंजी घरात घातली आहे.

ही घरे यादीत येणे कठीण का? मालक घाबरतो, कारण यादीत नाव आले म्हणजे अनधिकृत बांधकाम म्हणूनही नाव आले. कर्मचारी घाबरतो, कारण कर लावला तर आपण बांधकामाला मान्यता दिली असे उद्या कोणी म्हणेल. कर आकारला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्याने स्पष्ट आहे. पण कराची पावती माणसाला कोर्टात, बँकेत आणि वीजजोडणीच्या अर्जाला उपयोगी पडते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि या भीतीवर कायद्यानेच एक ओझे ठेवले. अधिनियमात २६७-अ हे कलम आले. त्यानुसार अनधिकृत बांधकामावर दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची. हेतू चांगला होता, अनधिकृत बांधकामाला जरब बसावी. परिणाम काय झाला ते आकारणीच्या नजरेने पाहा. ज्या घरांना आपण यादीत आणू पाहतो, नेमका त्यांच्यासाठी दर तिप्पट झाला. आपल्या कल्पनेतल्या वॉर्डात नोंदलेले घर ५,४०० देते, तर गुंठेवारीतल्या घराने स्वतःहून पुढे येऊन १६,२०० द्यावेत अशी अपेक्षा. कोण येणार?

पिंपरी-चिंचवडमध्ये हे सर्वांत ठळक दिसले. तिथे २००८ नंतरच्या बांधकामांवर शास्ती लागली. शास्ती न भरणाऱ्यांनी मूळ करही भरणे थांबवले, कारण बिल एकत्रच येत होते. थकबाकी फुगत गेली. मग ६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सूट, नंतर १००० पर्यंतच्या घरांना सूट, आणि शेवटी २०२३ मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर शास्ती माफ झाली. दर इतका उंच ठेवला होता की त्याखालचा पायाच निसटला. दर आणि पाया या दोन स्वतंत्र कळा नाहीत, हे मला तुमच्यापुढे ठसवायचे आहे. एक ओढली की दुसरी हलते. दर चढला की लपण्याची कमाई वाढते आणि पाया आकसतो. पाया आकसला की तेवढाच खर्च भागवायला दर आणखी चढवावा लागतो.

गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची मुभा दिली. या शहराने ती मोहीम गांभीर्याने घेतली. त्यातून मिळालेले नियमितीकरणाचे शुल्क एकदाच येते आणि त्याचीच चर्चा जास्त झाली. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट अशी, की नियमित झालेले घर कायमचे यादीत येते.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. पाया रुंद करायचा म्हणजे गरिबांना करात ओढायचे, असे होत नाही का? काही अंशी होते. माझ्या वॉर्डातली नवी आलेली घरे आधी शून्य भरत होती, आता २,२५० भरतील, आणि ती त्या वॉर्डातली सर्वांत श्रीमंत घरे असतील असे नाही. दुसरे म्हणजे अगदी लहान घराचे बिल छापणे, पोहोचवणे आणि वसूल करणे यातच कराचा बराच भाग संपतो. तिथे एक किमान मर्यादा ठेवून सूट देणे शहाणपणाचे आहे. पण ती मर्यादा कुठे ठेवायची, हे हिशेब करून ठरवावे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा झाली. मुंबईत ५०० फूट म्हणजे मध्यमवर्गाचे घर, कित्येक ठिकाणी कोट्यवधी किमतीचे. लाखो घरे एका घोषणेत पायातून बाहेर गेली. पुण्यात स्वतःच्या वापरातल्या घराला ४० टक्के सवलत होती. ती काढली आणि २०२३ मध्ये परत दिली. प्रत्येक सवलतीला कारण असते, आणि प्रत्येक सवलतीचे बिल यादीत उरलेल्यांच्या नावावर निघते. हे बिल छापले जात नाही, त्यामुळे सवलत फुकटची वाटते.

शिवाय यादीबाहेर फक्त गरीब आहेत असे समजणे चूक आहे. यादीत घर म्हणून नोंदलेल्या इमारतीत खाली चार दुकाने आणि वर वसतिगृह असते. शिकवणीचे वर्ग, लॉन्स आणि मंगल कार्यालये असतात. एका मजल्याची आकारणी आणि तीन मजल्यांचे बांधकाम असते. व्यापारी वापराचा दर निवासीपेक्षा जास्त, त्यामुळे एक चुकीची नोंद दुहेरी तोटा करते. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असा निर्णय दिला, तेव्हा पायाचा एक निसटता तुकडा हाती आला. गरिबाच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत जाण्याआधी हे तुकडे गोळा करता येतात.

कमी दर चांगला का, हे एकदा नीट सांगितले पाहिजे. उत्पन्न तेच राहणार असेल तर एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. न्याय हे एक उत्तर झाले, पण आणखी एक उत्तर आहे आणि ते गणिताचे आहे. कर लागतो म्हणून माणूस काही बेत सोडून देतो. वरचा मजला बांधायचा थांबतो, रिकामी खोली उघडपणे भाड्याने देत नाही, दुकान आडोशाला चालवतो. या सोडलेल्या बेतांतून पालिकेला दमडी मिळत नाही आणि माणसाचेही नुकसान होते. दर दुप्पट झाला की बेत सोडणाऱ्यांची संख्या ढोबळमानाने दुप्पट होते. शिवाय त्यांच्यापैकी प्रत्येकाने गमावलेला फायदाही सरासरी दुप्पट असतो, कारण आधी किरकोळ फायद्याचे बेत पडले, आता चांगल्या फायद्याचेही पडतात. दुपटीची दुप्पट म्हणजे चौपट. दर निम्मा झाला तर हे नुकसान पाव होते. थोड्यांवर जड कर लावण्यापेक्षा पुष्कळांवर हलका कर लावणे शहराला स्वस्त पडते, ते यामुळे.

देशपातळीवर हाच विचार तुम्ही आपापल्या पगारपत्रकात पाहिला आहे. जुन्या करप्रणालीत विमा, भविष्यनिर्वाह, घरभाडे यांच्या वजावटी आणि चढे दर, नव्या प्रणालीत वजावटी जवळजवळ नाहीत आणि दर कमी. कंपन्यांना २०१९ मध्ये असाच पर्याय दिला गेला, सवलती सोडा आणि २२ टक्के दर घ्या. वस्तू व सेवा कर येण्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये, अरविंद सुब्रमणियन यांच्या समितीने उत्पन्न तेवढेच ठेवणारा एकच दर १५ ते साडेपंधरा टक्के पुरेल असे म्हटले होते. पेट्रोल, डिझेल, दारू, वीज बाहेर राहिली, कित्येक वस्तूंना माफी मिळाली, आणि मग वरचे टप्पे उंच ठेवावे लागले.

मात्र एक गैरसमज इथेच दूर करतो. दर कमी केला की उत्पन्न आपोआप वाढते, असे मी म्हणत नाही. कंपन्यांचा दर उतरवला तेव्हा सरकारनेच १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असा अंदाज दिला होता. दर उतरवणे हे बक्षीस आहे, ते पाया रुंद झाल्यावर द्यायचे. या शहराची पाणीपट्टी २०२२ मध्ये निम्म्यावर आणली. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येत होते, त्यामुळे लोकांची मागणी न्याय्य होती आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण अनधिकृत नळजोडण्यांची यादी त्याआधी पुरी झाली नव्हती. त्यामुळे दर उतरल्याचा भार भरून काढायला नवे भरणारे आले नाहीत. क्रम उलटा झाला.

पाया खरोखर रुंद होतो आहे की नुसता कागदावर, हे कसे ओळखायचे? उपग्रहाची छायाचित्रे आणि घरोघर मोजणी हे आता सर्वत्र होते. त्यातून इमारतीचा आकार कळतो. मालक कोण आणि वापर काय, हे कळत नाही. त्यासाठी माणसाला दारात जावे लागते. घाईत केलेल्या मोजणीत दुबार नोंदी येतात, वारलेल्या मालकाच्या नावाने बिले निघतात, एका घराला दोन क्रमांक मिळतात. मग मालमत्तांचा आकडा वाढतो, मागणीही फुगते आणि वसुली जागच्या जागी राहते. नोंदी वाढल्या आणि चालू वर्षाची वसुली वाढली नाही, तर यादीत घरे आलेली नाहीत, कागद आले आहेत, असे समजावे. सोपी पडताळणी महावितरणच्या मीटरांशी होते. एका वस्तीतले वीजग्राहक आणि त्याच वस्तीतल्या कर नोंदी यांत मोठी तफावत असेल, तर तिथे जायला हवे.

थकबाकीचा आकडाही फसवा असतो. न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. काही वर्षांत व्याजाचा डोंगर मूळ करापेक्षा मोठा होतो आणि एकूण मागणीत दाखवला जातो. मग शास्ती माफीची अभय योजना येते आणि लोक रांगा लावतात. पहिल्या वेळी ती फायद्याची असते. दर एक-दोन वर्षांनी आली, की वेळेवर भरणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागते, आणि पुढच्या वर्षी तोही थांबतो. वसुलीचे गुणोत्तर मी आधी ५० वरून ८० टक्क्यांवर नेले होते. ती पायरी याच ठिकाणी ढासळते.

आणि एक धोका नागरिकांच्या बाजूने आहे. पाया रुंद झाला, उत्पन्न वाढले आणि दर उतरलाच नाही, तर? तसे झाले तर लोकांचा अविश्वास बरोबर ठरतो. वाढलेल्या पैशातून रस्ते आणि जलवाहिनी करायची असेल, तर तेही योग्य आहे, या शहराला त्याची नितांत गरज आहे. पण मग ती करवाढ आहे असे सांगून करावी. पाया वाढवण्याच्या नावाखाली गुपचूप करू नये. मुंबईत २०१० ला भांडवली मूल्य आणताना निवासी कर दुपटीपलीकडे जाऊ नये अशी मर्यादा कायद्यातच घातली होती. आपल्याकडे तीच खात्री दराच्या बाजूने देता येईल. मूल्य किंवा नोंदी वाढल्या, की उत्पन्न तेवढेच ठेवणारा दर किती, हे आधी जाहीर करायचे. त्याच्या वर जायचे असेल तर तेवढ्या वाढीसाठी वेगळा ठराव मांडायचा आणि कारण द्यायचे.

अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे करदर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे हे काम प्रशासकाच्या सहीने झाले. सही कोणाचीही असो, त्या प्रस्तावासोबत आज फक्त दर असतात. माझी मागणी एका पानाची आहे. प्रत्येक वॉर्डासाठी चार आकडे : मोजणीत किती मालमत्ता दिसल्या आणि यादीत किती, यादीतले मूल्य बाजारभाड्याच्या किती टक्के, सवलतींमुळे किती रक्कम सुटली, आणि चालू मागणीपैकी किती वसूल झाली. शास्ती वगळून, केवळ चालू. आणि त्याखाली पाचवा आकडा : हे चारही वर्षभरात जेवढे सुधारले, त्यावर गेल्या वर्षीइतकेच उत्पन्न मिळवायला यंदा दर किती पुरेल. हे पान जोडलेले नसेल, तर दराच्या प्रस्तावावर मतदान पुढे ढकलावे, एवढे तरी आपण आपल्या नगरसेवकाकडे लेखी मागू शकतो.